एकवीस पत्रांचा फरक

आमच्या वार्तापत्राचे वाचक ८४०. पुण्यातली छोटी प्रकाशनसंस्था, दर पंधरवड्याला रविवारी सकाळी आठ वाजता मेल जातो. त्यात एक लेख, दोन-तीन नव्या पुस्तकांची माहिती आणि शेवटी ‘पुढे वाचा’ची लिंक. माझं मूळ काम मुद्रितशोधनाचं. वार्तापत्र माझ्याकडे आलं ते ‘तुम्हाला कॉम्प्युटर जमतो’ एवढ्याच कारणाने. मग एके दिवशी संपादक म्हणाले, “शीर्षकं बदलून बघा ना. अर्ध्यांना एक पाठवा, अर्ध्यांना दुसरं. जे जास्त उघडलं जाईल ते चांगलं.”

कल्पना इतकी सरळ वाटली की त्यात शिकण्यासारखं काही असेल असं मनातही आलं नाही. शिवाय मी नुकतंच ओबामांच्या २०१२च्या प्रचाराबद्दल वाचलं होतं. देणग्या मागणाऱ्या एकाच मेलची ते लोक कधी कधी अठरा रूपं करून आधी थोड्या लोकांवर तपासायचे. ‘I will be outspent’ या शीर्षकाच्या एका मेलने सव्वीस लाख डॉलरच्या वर देणग्या आणल्या. तपासलेल्यांतलं सगळ्यात कमजोर शीर्षक पाठवलं असतं, तर चारेक लाखच आले असते असा त्यांचा अंदाज होता. म्हटलं, त्यांना जमलं ते आपल्याला का जमू नये? त्यांची यादी लाखोंची होती आणि आमची ८४०ची, हा तपशील डोळ्यांसमोर असूनही त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

आमच्या मेल-सेवेत अशा चाचणीची तयार सोय होती. दहा टक्के लोकांना पहिलं शीर्षक, दहा टक्क्यांना दुसरं, चार तास थांबायचं आणि ‘विजेतं’ शीर्षक आपोआप उरलेल्या सगळ्यांना. मी ते माझ्या काकांना कौतुकाने दाखवलं. काका राहुरीच्या कृषी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांनी विचारलं, “दहा टक्के म्हणजे किती जण?”

“चौऱ्याऐंशी.”

“आणि साधारण किती जण उघडतात?”

“शंभरातले अडतीस-चाळीस.”

त्यांनी पेन्सिलीने काहीतरी मांडलं आणि म्हणाले, “चौऱ्याऐंशीच्या दोन गटांत, शीर्षक एकच असलं तरी शंभरामागे सात-आठचा फरक सहज पडेल. कधी कधी पंधराचासुद्धा. हे यंत्र प्रत्येक वेळी कुणाला तरी विजेता ठरवणार, कारण बरोबरी झाली असं म्हणायची त्याला सोयच ठेवलेली नाही.”

ती सोय तिथेच बंद केली. सगळ्या ८४० जणांना अर्धं-अर्धं वाटायचं ठरलं.

वाटणी कशी करायची यावर पहिला गोंधळ झाला. यादी नोंदणीच्या तारखेप्रमाणे लावलेली होती, आणि वरचे ४२० एका गटात, खालचे ४२० दुसऱ्यात हे मला स्वाभाविक वाटत होतं. काका म्हणाले, “वरचे कोण आहेत?” वरचे म्हणजे जुने वाचक. त्यातले काही दर अंक इमानाने उघडणारे, तर काहींचे पत्ते बंद पडलेले. खालचे म्हणजे पुस्तक प्रदर्शनात नुकतीच नावं नोंदवलेले उत्साही लोक. अशी वाटणी केली तर शीर्षकाची तुलना होणारच नाही, जुन्या-नव्या वाचकांची होईल. आडनावाच्या अक्षरावरून केली तरी एका घरातली, एका गावातली माणसं एकाच बाजूला जमतात. म्हणून यादीशेजारी नवा स्तंभ करून त्यात प्रत्येकापुढे हे सूत्र घातलं:

```
=RAND()
```

मग त्या स्तंभाची प्रत काढून फक्त आकडे चिकटवले, कारण सूत्र तसंच ठेवलं तर प्रत्येक बदलासरशी आकडे पुन्हा पालटतात. त्या आकड्यांप्रमाणे यादी लावली, वरचे ४२० पहिला गट, खालचे ४२० दुसरा. पाठवणाऱ्याचं नाव, वेळ, शीर्षकाखाली दिसणारी ओळ, आतला मजकूर, सगळं दोघांना सारखं.

आता शीर्षकं पाठवायची, तर काकांनी मध्येच एक विचित्र मागणी केली. “पहिल्या खेपेला दोन्ही गटांना एकच शीर्षक पाठव.”

“मग त्यातून काय कळणार?”

“काहीच फरक नसताना किती फरक दिसतो, ते कळेल.”

त्यांच्या शेतीच्या जगात हे जुनंच आहे. नवं वाण तपासण्याआधी आख्ख्या शेतात एकच वाण लावायचं, सारखं खत, सारखं पाणी द्यायचं आणि शेताचे तुकडे पाडून प्रत्येकाचं उत्पादन वेगळं मोजायचं. त्याला ते लोक युनिफॉर्मिटी ट्रायल म्हणतात. एकाच वाणाचं उत्पादन तुकड्यातुकड्यात वेगळं येतं, कारण कुठे जमीन खोल असते, कुठे पाणी साचतं. हा मूळचा चढउतार किती आहे हे माहीत नसेल, तर नव्या वाणाने दिलेलं जास्तीचं उत्पादन वाणामुळे की जमिनीमुळे हे सांगता येत नाही. आज आपण जी चाचण्यांची रीत वापरतो तिची मांडणी आर. ए. फिशर यांनी केली तीही इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात. १९१९ साली ते तिथे रुजू झाले, आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करायचा आग्रह त्यांचाच.

तर आम्ही एकच शीर्षक दोन्ही गटांना पाठवलं. एका गटात १५८ जणांनी उघडलं, दुसऱ्यात १७० जणांनी. शंभरामागे जवळजवळ तीनचा फरक, आणि शीर्षक अक्षरशः एकच! ही दोन वेगळी शीर्षकं असती, तर मी संपादकांना आनंदाने फोन केला असता. त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली की या खेळात मी काहीही सिद्ध करू शकेन.

पुढच्या अंकात लेख होता कात्रजच्या पाण्याचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव भुयारी नळाने पुणे शहरात पाणी आणलं होतं, त्या योजनेवरचा. यादी पुन्हा नव्याने पिसली आणि दोन शीर्षकं ठरवली. एक साधं नाव सांगणारं: ‘पेशवेकालीन कात्रज पाणीयोजना’. दुसरं विचारणारं: ‘कात्रजचं पाणी शनिवारवाड्यात कसं पोचायचं?’ काकांनी पाठवण्याआधीच एका कागदावर लिहून ठेवायला लावलं की निकाल बुधवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे बरोबर बहात्तर तासांनी बघायचा. त्याआधी नाही.

मी बघितलं नाही, पण संपादकांनी बघितलं. रविवारी दहा वाजता त्यांचा फोन. “अहो, निकाल लागलासुद्धा! नावाचं ३८ जणांनी उघडलंय, प्रश्नाचं ६१ जणांनी. दीडपटीहून जास्त. यापुढे सगळी शीर्षकं प्रश्नार्थक करा.”

काकांना हे आकडे सांगितले. ते म्हणाले, “त्यांना सांग, आकडे मोठे दिसताहेत हे खरं. कागदावर मांडलं तर हा फरक भक्कमसुद्धा ठरेल. पण आत्ता त्यांनी बघितलं ते फरक दिसला म्हणून सांगितलं. दिसला नसता तर दुपारी परत बघितलं असतं, मग संध्याकाळी.” चाचणीची कसोटी अशी असते की काहीच फरक नसताना शंभरातल्या पाच वेळांपेक्षा जास्त चकवा होऊ नये. पण हा हिशोब एकदाच बघण्याचा आहे. आकडे साठत असताना समान अंतराने पाच वेळा डोकावलं आणि फरक दिसताच थांबलं, तर पाचाचे चौदा होतात. प्रत्येक डोकावणं म्हणजे चकण्याची आणखी एक संधी.

बुधवारी सकाळी आकडे आले: नावाचं १५१, प्रश्नाचं १७२. रविवारी दहानंतर काय झालं ते मी मोजून पाहिलं. नावाचं आणखी ११३ जणांनी उघडलं होतं, प्रश्नाचं १११ जणांनी. म्हणजे सगळा फरक पहिल्या दोन तासांतला, पुढच्या सत्तर तासांत दोन्ही बरोबरीने चालली होती. सेवेच्या पडद्यावर मात्र प्रश्नापुढे हिरवी खूण झळकत होती: विजेता.

एकवीस पत्रांचा फरक. शंभरामागे ३६ विरुद्ध ४१. हा खरा की गटांच्या वाटणीचा खेळ?

काकांनी सूत्र सांगण्याआधी एक काम सांगितलं, आणि माझ्या डोक्यात खरा उजेड त्यानेच पडला. ते म्हणाले, “क्षणभर धरून चाल की शीर्षकाचा काहीच परिणाम नाही. म्हणजे जे ३२३ जण उघडणारे होते, ते कुठलंही शीर्षक असतं तरी उघडणारच होते. मग ते आपल्या वाटणीत एकीकडे १५१ आणि दुसरीकडे १७२ असे पडले, एवढंच झालं. आता तूच पुन्हा पुन्हा वाटून बघ की असे किती वेळा पडतात.”

मी ८४० ओळींचा तक्ता केला. ३२३ ओळींत १, उरलेल्या ५१७ ओळींत ०. शेजारी `RAND()`चा स्तंभ. त्या स्तंभाप्रमाणे यादी लावायची, वरच्या ४२० ओळींतले एक मोजायचे, खालच्यांशी फरक काढायचा. पुन्हा पिसायचं, पुन्हा मोजायचं. पाचचा फरक, एकचा, तेराचा, सातचा उलट बाजूने. आणि मध्येच पंचवीस! कुठलंही शीर्षक नसलेल्या, निव्वळ एक आणि शून्यांच्या ढिगातून पंचवीसचा फरक वर आला तेव्हा हिरव्या खुणेवरचा माझा विश्वास उडाला. हे हजारो वेळा केलं तर शंभरातल्या साधारण पंधरा-सोळा वेळा, या ना त्या बाजूला, एकवीस किंवा त्याहून मोठा फरक निघतो.

“म्हणजे प्रश्नाचं शीर्षक खरंच चांगलं असण्याची शक्यता चौऱ्याऐंशी टक्के?” मी विचारलं.

“नाही. इथेच सगळे घसरतात. तू जे मोजलंस ते शीर्षकं सारखीच आहेत असं धरून मोजलंस. सारखी असताना एवढा फरक पडणं किती नवलाचं, एवढंच ते पंधरा-सोळा सांगतात. शीर्षकं खरंच सारखी आहेत का, याचं उत्तर त्यात नाही.”

हे पचायला मला बराच वेळ लागला. शेवटी मी स्वतःला असं समजावलं: आकडा जेवढा लहान, तेवढं ‘निव्वळ वाटणीमुळे झालं’ हे स्पष्टीकरण अवघड होत जातं. पंधरा-सोळा असताना ते स्पष्टीकरण अगदी आरामात उभं राहतं.

पिसण्याचं काम न करता तेच सांगणारं सूत्रही मग काकांनी दिलं. दोन्ही गट मिळून उघडण्याचं प्रमाण ०.३८४५, म्हणून:

```
=SQRT(0.3845*(1-0.3845)*(1/420+1/420))
```

उत्तर येतं ०.०३३६, म्हणजे शंभरामागे ३.४. फरक नसतानाही एवढा इकडेतिकडे होणं नेहमीचंच. आमच्या एकाच शीर्षकाच्या चाचणीत पडलेला तीनचा फरक याच मापातला होता. त्याची साधारण दुप्पट, म्हणजे ६.६, फरकाच्या दोन्ही बाजूंना मांडायची. आमचा फरक पाच. तेव्हा खरा फरक प्रश्नाच्या बाजूने साडेअकरापासून नावाच्या बाजूने दीडपर्यंत कुठेही असू शकतो. शून्यही त्या पट्ट्यात बसतं. मला हा पट्टा ‘विजेता’पेक्षा जास्त प्रामाणिक वाटला, कारण आपल्याला किती कमी माहीत आहे ते तो दाखवतो.

मग मी उलटा प्रश्न विचारला, जो खरं तर सगळ्यात आधी विचारायचा असतो: शंभरामागे पाचचा फरक खरा असेल, तर तो ओळखायला किती वाचक लागतील? त्यासाठी एक सोपं अंदाजसूत्र आहे. उघडण्याचं प्रमाण ०.३८, ओळखायचा फरक ०.०५:

```
=16*0.38*(1-0.38)/0.05^2
```

उत्तर सुमारे १५००, आणि तेही एका गटात. दोन मिळून तीन हजार, तेव्हा कुठे असा फरक दहापैकी आठ वेळा पकडला जाईल. आमच्या ४२०च्या गटांत पाचचा खरा फरक असला, तरी तीन चाचण्यांपैकी जवळपास दोन चाचण्या ‘काही दिसलं नाही’ असंच म्हणणार. तेच सूत्र उलटं वापरलं तर ४२० जणांच्या गटात भरवशाने दिसेल असा फरक शंभरामागे नऊ ते साडेनऊचा. दोन सभ्य शीर्षकांत एवढा फरक क्वचितच असतो. ओबामांच्या चमूला लाखोंच्या यादीमुळे लहान फरकही दिसायचे. आमच्या यादीला फक्त ढोबळ फरक दिसतात.

मधल्या काळात संपादकांनी एक रास्त शंका काढली. “उघडणं सोडा. लिंकवर किती जणांनी टिचकी मारली? खरी आवड तीच.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मेल उघडला हे कळतं ते आत दडवलेल्या एका चिमुकल्या चित्रामुळे. ते चित्र मागवलं गेलं की ‘उघडला’ अशी नोंद होते. सप्टेंबर २०२१मध्ये आयओएस १५ आल्यापासून अॅपलच्या मेल अॅपमध्ये ज्यांनी खाजगीपणाचं संरक्षण चालू केलं आहे, त्यांच्यासाठी ही चित्रं आधीच उतरवून घेतली जातात. माणसाने मेल पाहिला नसला तरी नोंद होते. अशा खोट्या नोंदी दोन्ही गटांत सारख्याच मिसळतात, त्यामुळे त्या कुणाला जिंकून देत नाहीत, पण खरा फरक पातळ करतात.

टिचक्या जास्त खऱ्या, पण त्या मोजक्या. नावाच्या गटात २९, प्रश्नाच्या गटात ३५. गट सारखे असतील आणि संख्या अशा लहान असतील तर मनातल्या मनात करायचा हिशोब आहे: दोन्हींची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. फरक त्याहून मोठा असेल तरच दखल घ्या. बेरीज ६४, वर्गमूळ ८, दुप्पट १६. आमचा फरक ६. संपादकांना हा हिशोब फार आवडला. आता ते कुठल्याही दोन आकड्यांची बेरीज करून वर्गमूळ काढत बसतात.

यादी काही रातोरात वाढणार नव्हती. काकांनी सुचवलं की एका अंकाच्या दोन शीर्षकांऐवजी दोन पद्धती तपासायच्या, ‘नाव’ आणि ‘प्रश्न’. दर अंकाला यादी नव्याने पिसायची, त्या लेखाचं एक शीर्षक या पद्धतीचं करायचं, एक त्या, आणि ठरलेले चार अंक झाल्यावरच बेरीज करायची. कात्रजच्या अंकात प्रश्न २१ने पुढे होता. पुढच्या अंकात तो ६ने मागे पडला, मग ११ने पुढे, मग ८ने पुढे. चार अंकांत प्रत्येक पद्धतीची १६८० पत्रं गेली, एकूण फरक ३४ पत्रांचा, म्हणजे शंभरामागे दोन. अनिश्चिततेचा पट्टाही अर्धा झाला: प्रश्नाच्या बाजूने पाचाच्या थोडं वर ते नावाच्या बाजूने एकाच्या थोडं वर. शून्य अजून आतच.

पाचाचे दोन कसे झाले, हे मी विचारलं. काका म्हणाले की छोट्या चाचणीत डोळ्यांत भरणारा फरक बहुतेक वेळा फुगलेला असतो. खरा परिणाम लहान असेल, तर नशिबाने साथ दिल्याशिवाय तो एवढा मोठा दिसूच शकत नाही. म्हणून पहिल्याच चाचणीत सणसणीत निकाल लागला, तर पुढच्या वेळी तो आक्रसणार असं धरून चालावं.

संपादकांना मात्र उत्तर हवं होतं. “मग प्रश्न विचारायचा की नाही?” मी त्यांना दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. पुढच्या अंकाचं शीर्षक निवडायचंच आहे, आणि प्रश्न निवडून आपण चुकलो तरी फारसं काही बिघडत नाही. तेव्हा लेखाला शोभत असेल तर खुशाल प्रश्न विचारावा. पण ‘आपल्या वाचकांना प्रश्न आवडतात’ असा नियम करून तो लेखकांच्या माथी मारायचा, तर त्याला आपल्याजवळ आधार नाही. पहिल्यासाठी कल पुरतो, दुसऱ्यासाठी पुरावा लागतो.

शीर्षकांची घासाघीस आम्ही सध्या थांबवली आहे. आता नऊ-दहाचा फरक पाडू शकेल अशी गोष्ट शोधतो आहोत. माझा अंदाज पाठवणाऱ्याच्या नावावर आहे: अर्ध्यांना पत्र प्रकाशनाच्या नावाने जाईल, अर्ध्यांना संपादकांच्या स्वतःच्या नावाने. कागद भिंतीला चिकटवला आहे. यादी पिसून वाटायची, निकाल बुधवारी आठ वाजता, शंभरामागे नऊपेक्षा कमी फरक दिसला तर ‘सांगता येत नाही’ असं लिहायचं. खाली संपादकांची सही घेतली आहे, रविवारी डोकावणार नाही म्हणून.